लॉस ०.१६७ वर अडकलाय, पण ग्रेडियंट शून्य नाही. आरएनएनच्या आयगेनव्हॅल्यूंवरून नेमकं काय ओळखायचं?

मुळशीकर

नमस्कार मंडळी. साध्या आरएनएनवर बेरजेचा जुना प्रयोग करतोय. प्रत्येक पायरीला दोन आकडे आत जातात: एक ० ते १ मधला कुठलाही, आणि दुसरा खूण, म्हणजे ० किंवा १. शंभर पायऱ्यांत फक्त दोन ठिकाणी खूण १ असते, एक पहिल्या अर्ध्यात आणि एक दुसऱ्या अर्ध्यात. खूण केलेल्या दोन आकड्यांची बेरीज शेवटी सांगायची, एवढंच काम. tanh, १२८ युनिट, पायटॉर्च, बाकी सगळं डिफॉल्ट.

लॉस ०.१६७ वर येऊन बसतो आणि हलत नाही. व्हॅनिशिंग ग्रेडियंट असणार असं धरून सगळ्या वजनांच्या ग्रेडियंटचा नॉर्म छापून पाहिला, तर तो शून्याच्या आसपासही नाही. मग रिकरंट मॅट्रिक्स W तपासला. सगळ्यात मोठ्या आयगेनव्हॅल्यूचं मान ०.६ च्या आसपास, आणि सगळ्यात मोठी सिंग्युलर व्हॅल्यू १.१५. एका लेखात वाचलं की १ पेक्षा कमी असेल तर ग्रेडियंट विरतो. दुसऱ्यात वाचलं की १ पेक्षा जास्त असेल तर फुटतो. माझ्याकडे एक आकडा कमी आहे आणि एक जास्त. मी कुठल्या बाजूला आहे?

डेटावाला_दादा

सोपं आहे रे. आरएनएनमध्ये तोच W शंभर वेळा गुणला जातो, चक्रवाढ व्याजासारखं. ०.६ चा शंभरावा घात म्हणजे काहीच उरत नाही. W ला २ ने गुण, आयगेनव्हॅल्यू १.२ होईल, विषय संपला. नाहीतर लर्निंग रेट वाढव.

धरणकाठ

माझीही अशीच अडचण आहे म्हणून इथेच विचारते. धरणाच्या पाणीपातळीचा रोजचा डेटा आहे, ३६५ दिवसांची खिडकी, मॉडेल एलएसटीएम. गेल्या वर्षीच्या पावसाळ्याचा अंदाजावर काहीच परिणाम दिसत नाही. एलएसटीएममध्ये हा प्रश्न नसतो ना? की इथेही W ला गुणायचं?

गार्गी_मो

धरणकाठ, तुमचं एलएसटीएमचं वेगळं गणित आहे, त्यावर खाली येते. आधी मुळशीकरांचं.

तुमचे तिन्ही आकडे कागदावर काढता येतात. ० ते १ मधल्या एका समान वाटपाच्या आकड्याचं व्हेरियन्स १/१२. दोघांच्या बेरजेचं २/१२, म्हणजे ०.१६७. थोडक्यात, तुमचं मॉडेल इनपुटकडे न बघता दर वेळी "१" असं उत्तर देतंय.

०.६ कुठून आलं? पायटॉर्च रिकरंट वजनं −१/√n ते +१/√n मधून उचलतं, n म्हणजे तुमचे १२८. अशा प्रत्येक वजनाचं व्हेरियन्स १/(३n). असा मोठा यादृच्छिक मॅट्रिक्स घेतला की त्याच्या आयगेनव्हॅल्यू एका चकतीत पसरतात, आणि चकतीची त्रिज्या √(n × १/३n) = १/√३ = ०.५८. n फार मोठा नसला की कडेच्या एखाद-दोन थोड्या बाहेर जातात, म्हणून तुम्हाला ०.६ दिसलं. सगळ्यात मोठी सिंग्युलर व्हॅल्यू याच्या दुप्पट येते: १.१५. म्हणजे तुमच्या कोडमध्ये कुठेही गडबड नाही, डिफॉल्टच तसा आहे. केरासच्या SimpleRNN मध्ये रिकरंट वजनं ऑर्थोगोनल असतात, तिथे सगळ्या आयगेनव्हॅल्यूंचं मान नेमकं १ असतं. त्यामुळे "तेच मॉडेल तिकडे शिकतं, इकडे शिकत नाही" अशी भांडणं होतात.

आता नॉर्मचं. W चा ग्रेडियंट ही शंभर पदांची बेरीज असते, दर पायरीमागे एक पद. शेवटच्या पाच-सात पायऱ्यांची पदं धडधाकट असतात आणि बेरजेचा नॉर्म तीच ठरवतात. तिसऱ्या पायरीचं पद १०⁻²⁰ असलं तरी बेरजेत ते दिसणारच नाही. म्हणून एकूण नॉर्म बघून व्हॅनिशिंग पकडता येत नाही. शेवटच्या लॉसचा प्रत्येक h वरचा ग्रेडियंट वेगवेगळा काढा. nn.RNN आतले h चेनमधून बाहेर देत नाही, RNNCell घ्या:

```python
hs, h = [], torch.zeros(1, 128)
for t in range(100):
    h = cell(x[t], h)      # x[t]: (1, 2)
    h.retain_grad()
    hs.append(h)
loss_fn(out(h), y).backward()
for t in range(0, 100, 10):
    print(t, hs[t].grad.norm().item())
```

दर दहा पायऱ्यांमागे साधारण ३⁵ पटीने, म्हणजे २४३ पटीने तरी घट दिसायला हवी.

मुळशीकर

चालवलं. ट्रेनिंग सुरू होण्याआधीच, शेवटून नऊ पायऱ्या मागे १०⁻³ च्या घरात, पन्नास मागे १०⁻¹³, आणि अगदी सुरुवातीला १०⁻²⁵ च्या आसपास. तुम्ही म्हणालात त्यापेक्षाही थोडं वेगाने घटतंय.

पण मग १.१५ ला काहीच अर्थ नाही का? आणि दादांनी सांगितल्याप्रमाणे २ ने गुणलं तर?

गार्गी_मो

थोडं जास्त घटतंय ते tanh मुळे, त्यावर येतेच. आधी tanh बाजूला ठेवून फक्त W चं बघू.

मागे जाताना शेवटचा ग्रेडियंट-व्हेक्टर दर पायरीला W च्या ट्रान्सपोजने गुणला जातो. ट्रान्सपोज केल्याने आयगेनव्हॅल्यू बदलत नाहीत. व्हेक्टर आयगेन-दिशांमध्ये फोडला की प्रत्येक तुकडा फक्त स्वतःच्या λ ने गुणला जातो, आणि k पायऱ्यांनंतर λ चा k वा घात होतो. छोटं उदाहरण हाताने करून बघा:

```
W = [0.8  0.3]      λ = 1.1, दिशा (1,  1)
    [0.3  0.8]      λ = 0.5, दिशा (1, -1)
```

ग्रेडियंट (१, ०) घेऊन निघा. तो म्हणजे अर्धा (१, १) अधिक अर्धा (१, −१). वीस पायऱ्यांनी १.१ चा घात ६.७३ होतो आणि ०.५ चा १०⁻⁶ च्याही किंचित खाली जातो. उत्तर साधारण (३.३६, ३.३६). आता (०, १) घेऊन निघा. उत्तर पुन्हा (३.३६, ३.३६)!

म्हणजे नॉर्म वाढला, "फुटण्याच्या" दिशेने निघाला, आणि तरीही चूक पहिल्या युनिटची की दुसऱ्याची ही माहिती गेली. दोन घटकांत दहा लाखात एक एवढाच फरक उरतो, फ्लोट ३२ मध्ये ३.३६ च्या शेजारी तो जेमतेम मावतो. अजून चार-पाच पायऱ्या मागे गेलात की तोही पुसला जातो. म्हणून "मी कुठल्या बाजूला आहे" याचं एकच उत्तर असेल असं नाही. एकाच मॅट्रिक्समध्ये एका दिशेने फुटणं आणि दुसऱ्या दिशेने विरणं सोबत चालतं. दादा, २ ने गुणून तुम्ही चकती मोठी करता, पण आतल्या बहुतेक आयगेनव्हॅल्यू तरीही १ च्या आतच राहतात.

आता १.१५. सिंग्युलर व्हॅल्यू एका पायरीचा सगळ्यात वाईट ताण सांगते, आयगेनव्हॅल्यू लांबचा कल सांगते. वरचा W सिमेट्रिक होता म्हणून दोन्ही एकच होते. आरएनएनचा W तसा नसतो. हा बघा:

```
W = [0.9  5.0]
    [0.0  0.9]
```

दोन्ही आयगेनव्हॅल्यू ०.९. या W ने (०, १) ला k वेळा गुणलं की पहिला घटक ५k × ०.९ चा (k−१) वा घात होतो. पहिल्या पायरीला ५, नवव्या-दहाव्या पायरीला १९.४, पन्नासाव्याला १.४, शंभराव्याला ०.०१५. आधी चांगला वीसपट फुगला, मग विरला. वीस पायऱ्यांची सिक्वेन्स असेल तर तुम्ही याला एक्सप्लोडिंगच म्हणाल, आणि चुकीचं म्हणणार नाही.

म्हणून नियम एकतर्फी आहेत. पास्कानू, मिकोलोव्ह आणि बेंजिओ यांच्या २०१३ च्या पेपरमध्ये हे नीट मांडलंय. tanh साठी सगळ्यात मोठी सिंग्युलर व्हॅल्यू १ पेक्षा कमी असेल तर ग्रेडियंट विरणारच, सुटका नाही. सिग्मॉइडचा उतार १/४ च्या वर जात नाही, म्हणून तिथे ही मर्यादा ४. उलट १ पेक्षा जास्त असेल तर फुटू *शकतो*, फुटेलच असं नाही. तुमचं १.१५ म्हणजे एवढंच की विरण्याची हमी देता येत नाही. तरी तो विरतोय, कारण शंभर पायऱ्यांत ०.५८ चा कल जिंकतो.

निवृत्त_विद्युत

मी आरएनएनवाला नाही, आयुष्य कंट्रोल सिस्टीममध्ये गेलं. पण तुम्ही जे बोलताय ते आमचेच पोल आहेत. युनिट सर्कलच्या आत पोल असला की सिस्टीम स्थिर, म्हणजे सुरुवातीची स्थिती ती विसरते. बाहेर असला की पेटते. बरोबर सर्कलवर असला की ना विसरते ना पेटते, पण जरा हात लागला की इकडे किंवा तिकडे. आम्हाला विसरणारीच सिस्टीम हवी असते! तुम्हाला लक्षात ठेवणारी पण स्थिर असलेली हवी आहे. हे दोन्ही एकत्र मागणंच मला विचित्र वाटतं.

आणि आयगेनव्हॅल्यू कॉम्प्लेक्स असतील तर? मान तेच, पण ग्रेडियंट फिरत मागे जाईल ना?

गार्गी_मो

काका, अगदी. कॉम्प्लेक्स जोडीत व्हेक्टर फिरतो, लांबी मात्र मानच ठरवतं.

आणि तुम्हाला जे विचित्र वाटतं तोच बेंजिओ, सिमार आणि फ्रास्कोनी यांच्या १९९४ च्या पेपरचा गाभा आहे. एक युनिट घ्या, इनपुट नाही: h = tanh(w·h), w = १.१. दादांच्या हिशोबाने १.१ म्हणजे फुटायला हवं. पण h शून्याजवळ राहतच नाही. थोडा जरी ढकलला तरी सरकत ०.५०३ वर जाऊन बसतो (किंवा −०.५०३ वर). तिथे tanh चा उतार १ − ०.५०३² = ०.७४७, आणि पायरीचा खरा गुणक १.१ × ०.७४७ = ०.८२. वीस पायऱ्यांत साधारण ०.०२ उरतो. W मध्ये १.१ लिहिलंय आणि ग्रेडियंट विरतोय.

हे असंच होणार. युनिटने एक बिट धरून ठेवावा, म्हणजे + बाजूला की − बाजूला, आणि किरकोळ नॉइजने तो उलटू नये, असं हवं असेल तर धरलेल्या जागी छोटे धक्के विरायलाच हवेत. धक्के विरणं आणि ग्रेडियंट विरणं एकाच डेरिव्हेटिव्हवर चालतं. म्हणून नुसता W बघून भागत नाही. दर पायरीचा जेकोबियन diag(१ − h²)·W असतो, आणि त्या शंभर वेगवेगळ्या मॅट्रिक्सांचा गुणाकार बघावा लागतो. W ची आयगेनव्हॅल्यू तेव्हाच नेमकी बोलते, जेव्हा h शून्याजवळ असतो किंवा एका जागी स्थिरावलेला असतो.

डेटावाला_दादा

म्हणजे tanh असेल तर १ च्या वर गेलं तरी कधीच फुटणार नाही? मग लोक क्लिपिंग कशाला करतात? मी स्वतः NaN पाहिलेत, tanh असताना.

सीड४२

दादांचा मुद्दा रास्त आहे. गार्गी, तुमचं एका युनिटचं चित्र १२८ युनिटला तसंच लागू होत नाही. यादृच्छिक W, शून्य इनपुट, खूप युनिट असं घेतलं आणि चकतीची त्रिज्या १ च्या वर नेली, की नेटवर्क एका जागी बसत नाही, केऑटिक होतं. सोम्पोलिन्स्की, क्रिसांती आणि सोमर्स, १९८८, फिजिक्सचा पेपर. केऑसमध्ये छोटा धक्का वाढत जातो, म्हणजे गुणाकारातल्या सगळ्यात वाढणाऱ्या दिशेचा सरासरी दर १ च्या वर असतो. तिथे tanh ने दाबूनही ग्रेडियंट फुटतो. दादांचे NaN बहुधा तिथलेच, किंवा ट्रेनिंगमध्ये W हळूहळू त्या भागात सरकल्यामुळे आलेले.

गार्गी_मो

मान्य, एक युनिट स्थिरावतं, १२८ मिळून स्थिरावतीलच असं नाही. पण १९८८ चा निकाल अनंत युनिट आणि इनपुट शून्य असताना आहे. जोरदार इनपुट असला की तो tanh ला वाकलेल्या भागात ढकलतो आणि केऑस दबतो. मुळशीकरांकडे दर पायरीला इनपुट आहे. १.२ ला नक्की काय होईल हे मी छातीठोक सांगणार नाही.

क्लिपिंगबद्दल: clip_grad_norm_ फक्त लांबी कापतं, दिशा तीच ठेवतं. फुटताना दिशा आधीच त्या एका मोठ्या आयगेन-दिशेने गिळलेली असते, वरच्या (३.३६, ३.३६) सारखी. त्यामुळे क्लिपिंगने NaN थांबतो आणि लॉसच्या कड्यावरून फेकले जात नाही, पण विरलेल्या दिशा परत येत नाहीत.

धरणकाठ, आता तुमचं. एलएसटीएममध्ये सेलच्या सरळ वाटेवर W नाहीच, तिथे दर पायरीला फरगेट गेट f ने गुणलं जातं. १९९७ च्या मूळ एलएसटीएममध्ये फरगेट गेटच नव्हता, तिथे गुणक नेमका १ होता. गेट २००० साली आला. पायटॉर्चमध्ये बायस शून्याच्या आसपास सुरू होतात, म्हणजे f साधारण ०.५. त्याचा ३६५ वा घात विसराच. लोक बायस १ ठेवायला सांगतात, त्याने f = ०.७३ होतो. शंभर पायऱ्यांतच तो १०⁻¹⁴ च्या घरात जातो, मग वर्षाची काय कथा. T पायऱ्या आठवण हवी तर बायस साधारण log T हवा. ३६५ साठी ५.९, मग f = ०.९९७ आणि वर्षभराने ०.३७ उरतं. एक खाचखळगा: पायटॉर्चमध्ये bias_ih आणि bias_hh दोन्ही असतात आणि बेरजेने लागतात. दोन्हीत ५.९ भरलंत तर ११.८ होईल. गेटचा क्रम i, f, g, o, म्हणून दुसरा चतुर्थांश भरायचा. आणि सगळ्या युनिटना तोच बायस देऊ नका, १ ते ३६५ मधले वेगवेगळे T घेऊन त्यांचे log भरा, म्हणजे काही युनिट आठवड्याच्या आठवणीचे राहतील.

धरणकाठ

करून बघते. पण एक शंका. माझ्या डेटात वर्षातला कितवा दिवस आहे हा कॉलमच नाही. तो दिला तर गेल्या वर्षीचं आठवायची गरजच उरणार नाही, असं होईल का?

सीड४२

ऋतूचं चक्र तेवढ्याने मिळेल, आणि बहुधा अर्धी समस्या सुटेल. दिवस sin आणि cos असा जोडीने द्या, नाहीतर ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी एकमेकांपासून सगळ्यात लांब पडतील. मात्र गेल्या वर्षी पाऊस कमी झाला होता, हे कॅलेंडर सांगणार नाही. त्यासाठी आठवण लागेलच. किंवा सरळ गेल्या वर्षीच्या त्याच दिवसाची पातळी एक वेगळा कॉलम म्हणून द्या.

मुळशीकर

दादांचं, गार्गींचं आणि सीड४२ चं, तिन्ही करून पाहिलं. h-वरचा ग्रेडियंट ट्रेनिंगआधी मोजला.

त्रिज्या १.१: काही सीडना मागे जाताना विरतो, काहींना जवळपास सपाट राहतो. इनपुटची वजनं मोठी केली की सगळ्यांनाच विरतो. त्रिज्या २: सरळ फुटतो, क्लिपिंगशिवाय ट्रेनिंग चालतच नाही, आणि क्लिपिंग लावलं तरी लॉस ०.१६७ च्या आसपासच उड्या मारतो.

`nn.init.orthogonal_(cell.weight_hh)` आणि इनपुटची वजनं लहान: सुरुवातीचा ग्रेडियंट १०⁻²⁵ ऐवजी १०⁻² च्या घरात. काही सीडना लॉस बराच वेळ ०.१६७ वर बसून मग खाली सरकतो. काही सीडना हलतच नाही, आणि ते मला अजून कळलेलं नाही. ट्रेनिंगनंतर W च्या आयगेनव्हॅल्यू पाहिल्या तर शिकलेल्या आणि न शिकलेल्या मॉडेलमध्ये फार फरक दिसत नाही. दोन्हीकडे बहुतेक १ च्या जवळच.

निवृत्त_विद्युत

आमच्याकडे असं झालं की आम्ही आयगेनव्हॅल्यू सोडून आयगेनव्हेक्टर बघायचो. सर्कलवर पोल आहे, पण इनपुट तिथपर्यंत पोचतच नाही, किंवा आउटपुटला तो दिसतच नाही. कंट्रोलेबिलिटी आणि ऑब्झर्वेबिलिटी. तुमच्या इनपुटच्या वजनांचा त्या १ जवळच्या दिशांवर किती घटक पडतो, काढून बघा.

गार्गी_मो

हे आवडलं, काका. बेरजेच्या प्रयोगात खूण केलेला आकडा एका हळू विरणाऱ्या दिशेत ओतायचा आणि बाकीचे आकडे तिथे जाऊ द्यायचे नाहीत, असं मॉडेलला करावं लागतं. खूण आणि आकडा यांचा गुणाकारासारखा परिणाम लागतो, तो tanh च्या वाकलेल्या भागातूनच येणार. म्हणजे ग्रेडियंट टिकवायला h शून्याजवळ हवा आणि काम करायला शून्यापासून लांब हवा. न शिकलेल्या सीडमध्ये ही ओढाताण सुटत नसावी, पण हा माझा अंदाज आहे.

सीड४२

माझा अंदाज वेगळा. ग्रेडियंट पोचतोय, १०⁻² कमी नाही. पण शंभर पायऱ्यांतल्या अठ्ठ्याण्णव बिनखुणांच्या आकड्यांचा नॉइजही आता तेवढ्याच जोराने पोचतोय. आधी तो विरत होता. बॅच मोठी करून न शिकलेले सीड पुन्हा चालवा. तेव्हा शिकले तर माझं बरोबर, नाहीतर गार्गींचं.

डेटावाला_दादा

किंवा दोघांचंही चूक. बॅच किती ठेवली होती रे?

मुळशीकर

३२. आज रात्री ५१२ ने लावून ठेवतो, आणि काकांचा घटकही काढतो.